मॅडमनी आभार मानले, मग ओव्हर दिली

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही, त्यामुळे काय लिहावं आणि काय गिळावं हे सांगणारंही कोणी नाही. एका आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एवढ्या भांडवलावर मी हे धाडस करतोय. त्या बक्षिसामुळेच मी या प्रकरणात ओढला गेलो, हेही सांगून टाकतो.

मी भिवंडीतल्या एका नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. घर पडघ्याच्या आत, एका वाडीत. वडील दापोड्याला गोदामात हमाली करतात. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा वाडीतल्या एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "मंग आता साडी नेसाची हाय काय रं तुला?" यावर सगळे पोट धरून हसले. पुढे त्याच काकांची साखर वाढली आणि इंजेक्शन कोणाकडून घ्यायचं असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी साडीची चौकशी केली नाही. पण मी अजून तयार झालो नव्हतो. माझा हात थरथरायचा. शेजारी आमच्या मॅडम उभ्या असल्या तरच मी रुग्णाला सुई टोचू शकत होतो, आणि मॅडम निवृत्त होणार होत्या.

मॅडम म्हणजे आमच्या वॉर्डातल्या शिक्षिका. वर्गात पाठ शिकवणारे पुष्कळ असतात. पण रुग्णाला हात लावायचा तर इस्पितळाचा नियम आहे की मुलांबरोबर कॉलेजचं कोणीतरी उभं असलं पाहिजे. ते उभं राहणं मॅडम आमच्या जन्माच्या आधीपासून करत होत्या. त्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. शिकवताना त्या आम्हाला सांगायच्या, "हे बघा, व्हेरिकोज व्हेन्स. पुस्तकात चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसतंय."

त्यांच्या जागी कोण येणार, असं आम्ही प्राचार्य बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, संस्थेने यावर खूप दूरदृष्टीने विचार केला आहे. दूरदृष्टी अशी होती की जागा भरायचीच नाही. प्रयोगशाळेत भिंतीएवढा टीव्ही लागणार होता. त्यावर परदेशातल्या नर्सेस सुई कशी टोचतात ते आम्ही बघणार होतो, आणि बघून बघून आपोआप तयार होणार होतो. संस्थेच्या अध्यक्षांची ही कल्पना. अध्यक्ष साहेबांची जमीन होती, तिच्यावर गोदामं झाली, गोदामांवर कॉलेज झालं. त्यामुळे शिक्षण म्हणजे माल एकदा नीट रचला की झालं, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. मी तो खोडून काढू शकत नाही. मी निबंधात तिसराही आलो नव्हतो.

निरोप समारंभाच्या आधीच्या आठवड्यात प्राचार्य बाईंनी मला बोलावलं.

"तुझं मराठी चांगलं आहे. खेड्यातला आहेस ना," त्या म्हणाल्या. या दोन वाक्यांचा संबंध मला अजून कळलेला नाही. "मॅडमना भाषण लिहून दे. त्यांना लिहायला वेळ नाही. पहिल्यांदा अध्यक्ष साहेबांचे आभार. मग अध्यक्षांच्या वडिलांचे."

"ते तर वारले ना, बाई?"

"म्हणून तर दुसऱ्याच नंबरला. मग वहिनीसाहेबांचे. मग माझे, थोडक्यात. मग सहकारी, विद्यार्थी, आणि शेवटी परत अध्यक्ष साहेब. तक्रारीचा सूर कुठेही नको. निवृत्तीच्या भाषणात माणसं घसरतात."

मी रात्र जागून वगैरे काही लिहिलं नाही. एसटीत बसून दोन फेऱ्यांत लिहिलं, कारण अशा भाषणाला विचार लागत नाही, शब्द लागतात, आणि ते सगळ्या निमंत्रणपत्रिकांवर छापलेलेच असतात. अमूल्य मार्गदर्शन. खंबीर पाठिंबा. वटवृक्ष. अध्यक्षांना मी दोन वेळा वटवृक्ष केलं आणि वहिनीसाहेबांना सावली.

मॅडमनी ते प्रयोगशाळेत, सरावाच्या रबरी पुतळ्याच्या खाटेवर बसून वाचलं. लाल पेन घेतलं. केस शीट तपासायच्या तशाच तपासू लागल्या.

"अमूल्य मार्गदर्शन. कधी केलं?"

"माहीत नाही, मॅडम."

"मी पाहिलं?"

"तेही माहीत नाही."

"रुग्णाला ताप आहे असं लिहायचं तर आधी काय करतोस?"

"थर्मामीटर लावतो."

"मग इथे का नाही लावलास?" त्यांनी अमूल्य मार्गदर्शन खोडलं. मग वटवृक्ष खोडले, दोन्ही. सावलीवर मात्र थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "या बाईंना मी एकदाच पाहिलंय, फीत कापताना. कात्री बोथट होती, तरी चिडल्या नाहीत. तेवढं लिही."

असं आमचं भाषण तयार होऊ लागलं. नियम एकच होता: जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याचेच आभार. सहकाऱ्यांचं सोपं गेलं. माजी विद्यार्थ्यांचं तर इतकं निघालं की मलाच कापावं लागलं. अडकलो ते अध्यक्षांपाशी. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत काय केलं हे मॅडम आठवत बसल्या. बाजूच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट चालू होता आणि पुतळा छताकडे बघत होता. शेवटी मॅडमच्या तोंडावर एकदम समाधान पसरलं.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "माणूस वाईट नाही रे. आपणच नीट शोधत नाही."

भाषणाच्या शेवटी काय असावं ते मात्र त्यांनी मला लिहू दिलं नाही. "ते मला तोंडपाठ आहे," म्हणाल्या.

समारंभ शुक्रवारी ठेवला, कारण शुक्रवारी शेजारचे लूम बंद असतात आणि मोठ्या लोकांचं बोलणं ऐकू येतं. इतर दिवशी समारंभ ठेवला असता तर बरं झालं असतं, असं पहिल्या तासाभरात वाटलं. दीपप्रज्वलन झालं. आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींकडून स्वागतगीत ऐकलं. मग अध्यक्ष बोलले. त्यांनी मॅडमना त्यागमूर्ती म्हटलं, रुग्णसेवेला ईश्वरसेवा म्हटलं, आणि टीव्ही किती इंची आहे ते सांगितलं. शाल घातली, नारळ दिला. मागच्या बाजूला पुलावाचं झाकण कोणीतरी उघडून बघत होतं, त्यामुळे सभागृहाचं लक्ष त्यागमूर्तीवरून वारंवार उडत होतं.

सभागृह मात्र भरलं होतं. जुन्या विद्यार्थिनी कुठून कुठून आल्या होत्या. काहीजणी रात्रपाळी करून तशाच आल्या होत्या, डोळे लाल, केसांत अजून पिना. नर्सेस एका ठिकाणी जमल्या की त्या सगळ्या एकाच वेळी बोलतात आणि तरीही एकमेकींचं सगळं ऐकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मॅडम माइकपाशी आल्या. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. म्हणाल्या, "मी आज फक्त पाहिलेल्याचे आभार मानणार आहे. ऐकीव काही नाही. कोणी राहून गेलं तर समजून घ्या, मी तेव्हा दुसऱ्या खाटेपाशी असेन."

प्राचार्य बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"प्राचार्य बाई," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मला पुष्कळदा रागावलात. पण दरवेळी दार लावून. मुलांसमोर एकदाही नाही. मी तुमच्यावर मुलांसमोरच चिडत आले. त्या लावलेल्या दाराबद्दल मनापासून आभार." प्राचार्य बाईंना हसावं की गंभीर व्हावं कळेना. त्यांनी रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मग त्यांनी शेजारच्या ट्यूटर बाईंचे आभार मानले. प्रयोगशाळेची खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर त्या दोघी वर्षानुवर्षं भांडत होत्या. "माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा माझे तास हिने घेतले आणि मला सांगितलंही नाही. मला मुलांकडून कळलं. खिडकीबद्दल मात्र माझंच बरोबर आहे." ट्यूटर बाई जागेवरून म्हणाल्या, "धूळ येते, धूळ! लूमचा कापूस येतो आत!" आणि डोळे पुसू लागल्या.

साफसफाईच्या मावशींचे आभार मानले, ते कपड्यांच्या खोलीत कोणती मुलगी रडत बसली आहे हे येऊन हळूच सांगितल्याबद्दल. मावशी दारात उभ्या होत्या. "त्यातल्या निम्म्या तुमच्याच ओरड्यानं रडायच्या," त्या म्हणाल्या, आणि सभागृहात जो हशा उठला त्याला अध्यक्षांचं भाषण मुकलं होतं.

"आता माझ्या विद्यार्थिनी," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या यशाचे आभार मी मानत नाही, ते तुमचं. मी तुमच्या चुकांचे आभार मानते, कारण पुढच्या बॅचला मी त्याच शिकवल्या." आणि त्यांनी कल्याणच्या एका इस्पितळात आता वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टरला उभं केलं. या सिस्टर विद्यार्थिनी असताना त्यांना एका रुग्णाला अंथरुणातच अंग पुसून द्यायचं काम दिलं होतं. रुग्णाला एक्स-रेला नेलं होतं. त्याचा मेहुणा भिवंडीच्या उन्हातून थकून आला आणि रिकाम्या खाटेवर आडवा झाला. सिस्टरनी पडदे लावले, पाणी कोमट केलं, आणि मेहुण्याला नखशिखांत पुसून, पावडर लावून, कपडे बदलून ठेवलं.

"मॅडम, तो नको म्हणाला नाही ना!" सिस्टर ओरडल्या.

"तो कशाला म्हणेल? त्याला वाटलं सरकारची नवी योजना आहे."

हसू ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी पहिल्या तासाला सुई दाखवत नाही, थर्मामीटर दाखवत नाही. आधी नाव विचारायला शिकवते. मेहुण्यामुळे कितीतरी लोकांना चुकीचं औषध जायचं वाचलं असेल. तुझे आभार."

मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. साहेब सरसावून बसले.

"साहेब, तुम्ही तापाने ॲडमिट होता. आमची पहिल्या वर्षाची मुलगी तुमचं ब्लडप्रेशर बघायला आली. तिला ठोके ऐकू येईनात. तुम्ही तीन वेळा तिला पट्टा बांधू दिला आणि ओरडला नाहीत. चौथ्यांदा ओरडलात. पहिल्या तीन वेळांबद्दल तुमचे आभार. मोठी माणसं तेवढंही करत नाहीत." हे म्हणताना मॅडमच्या आवाजात जराही टोमणा नव्हता. मला खात्री आहे, कारण ते सापडल्यावर त्यांचा झालेला आनंद मी पाहिला होता. साहेबही खुलले. शेजारच्याला म्हणाले, "चौथ्या टायमाला हात काळा पडला होता."

वहिनीसाहेबांच्या कात्रीचेही आभार झाले. आता संपलं म्हणून मागे ताटांचा आवाज सुरू झाला. पण मॅडम माइक सोडेनात.

"मी आज ड्युटीवरून उतरतेय," त्या म्हणाल्या. "तर ओव्हर देते."

हा शब्द न कळणाऱ्यांसाठी सांगतो. इस्पितळात पाळी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी घेऊन जाते. हा कोण, याला काय झालंय, सलाईन कितवं, पुढचं औषध केव्हा, कोणता रिपोर्ट यायचाय, कोणत्या नातेवाइकाला सांभाळून घ्यायचं. याला ओव्हर म्हणतात. येणारीने "घेतली" म्हटल्याशिवाय जाणारी वॉर्ड सोडत नाही. मग घरी मूल रडो, बस निघून जावो. सभागृहात माझ्यासारखे दुसऱ्या वर्षाचे आणि तीस वर्षांच्या नोकरीचे असे सगळे होते, पण तो शब्द ऐकताच सगळे एकदम ताठ बसले. फक्त व्यासपीठ सैल होतं.

"दुसरं वर्ष," मॅडम म्हणाल्या, "एकूण प्रकृती बरी. पहिल्या बाकावरची हुशार आहे, पण हात धुवायला घाई करते, लक्ष ठेवावं. खिडकीपाशी बसते तिला रक्त बघून चक्कर येते. तिला आधी खुर्ची द्यायची, मग काम. चक्कर दोन महिन्यांत जाईल. मागचे तिघे उत्तर येत असूनही बोलत नाहीत, त्यांना नाव घेऊन विचारायचं. तो तिसऱ्या रांगेतला, भाषण लिहिणारा." माझ्या कानांना आग लागली. "त्याचा हात थरथरतो. भीतीने नाही, दुखेल म्हणून. टोचायच्या आधी त्याने रुग्णाशी गावाकडचं बोलायला लागायचं, की हात आपोआप थांबतो. तेव्हा कोणीतरी शेजारी उभं हवं. अजून साधारण दहा-बारा वेळा. मग नको."

मग त्यांनी व्यासपीठाकडे पाहिलं. "ओव्हर कोण घेतंय?"

प्राचार्य बाई अर्ध्या उठल्या. "मॅडम, यावर कमिटी विचार करेल."

"कमिटीला ओव्हर देता येत नाही, बाई. ड्युटीवरचं माणूस लागतं."

"टीव्ही आहे ना," अध्यक्ष मदतीला आले.

"त्याला विचारा, घेतोय का."

आता कोणी हसलं नाही. मॅडम तशाच उभ्या राहिल्या, वॉर्डात राहायच्या तशा, एका पायावरचा भार दुसऱ्यावर देत. पुलाव थंड होत होता. साहेबांना वाटलं असावं, ही नर्स लोकांची काहीतरी रीत आहे, नारळासारखी, कोणीतरी हात पुढे केला की जेवायला मोकळे. ते माइकपाशी आले आणि हसून म्हणाले, "बरं, द्या. मी घेतली. आपल्याला काय, दोन शब्द बोलायचेत. घेतली ओव्हर."

साऱ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं त्यांच्यासाठी. मॅडमनी हात जोडले, "आभार, साहेब. हे मी डोळ्यांनी पाहिलं," म्हणाल्या आणि खाली उतरल्या. मी माझ्या ताटाला हात लावला नाही. दहा-बारा वेळा कोण उभं राहणार, हे मला अजून कळलं नव्हतं.

पुढचे दीड-दोन महिने वाईट गेले. आम्ही इस्पितळात गेलो की वॉर्डाच्या सिस्टर विचारायच्या, "मॅडम आहेत बरोबर? नाहीत? मग हात लावायचा नाही." त्यांचं बरोबरच होतं. आम्ही व्हीलचेअर ढकलायचो, रिपोर्ट आणायचो, लिफ्टला रांग लावायचो. मी एकही इंजेक्शन दिलं नाही. दुपारी कॉलेजात आलो की टीव्हीवर एक गोरी बाई न थरथरता सुई टोचायची, ती आम्ही बघायचो. तिचा रुग्ण रबराचा होता, त्यामुळे तोही समाधानी दिसायचा. घरी आई विचारायची, "आज काय शिकलास रं?" मी लिफ्टचं सांगायचो.

मग प्राचार्य बाईंनी मला पुन्हा बोलावलं. मला वाटलं आता निबंधाचं बक्षीस परत द्यावं लागणार. आत अध्यक्ष बसले होते, आणि त्यांचा फोन टेबलावर पालथा ठेवला होता.

"हाच ना तो लिहिणारा?" साहेब म्हणाले. "अरे, त्या ओव्हरचं काय हाय नक्की? त्या नर्स बाया मला फोन करतात. पाळी बदलली की करतात. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. रोज नवीन बाई. शिव्या देत नाहीत, काही नाही. गोड बोलतात. 'साहेब, तुमच्याकडे ओव्हर आहे. आज मुलांबरोबर कोण आहे?' मी बोललो, मीटिंगमध्ये हाय. तर म्हणतात, 'चालेल साहेब, पुढच्या शिफ्टला विचारते.' आणि विचारतात!"

"नंबर बंद करा की, साहेब," प्राचार्य बाई म्हणाल्या.

"करून बघितला. मग घरच्या नंबरवर आला. बायको बोलली, खरंच घेतलीय ना तुम्ही, मग सांगा त्यांना." ते माझ्याकडे वळले. "ही ओव्हर परत कशी करतात?"

"परत करता येत नाही, साहेब," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मलाच दोनदा म्हणावं लागलं. "फक्त पुढे देता येते. ड्युटीवर येणाऱ्याला."

मग प्राचार्य बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं आणि नेहमीप्रमाणे दार लावून घेतलं. त्यानंतर काही दिवस काहीच घडलं नाही. मी धरून चाललो होतो की माझं वर्ष लिफ्टपाशीच संपेल.

बातमी शनिवारी आली. मी एका आजोबांना एक्स-रेहून परत आणत होतो, तेव्हा मावशींचा फोन आला. पाठीमागे लूम खडखडत होते, त्यामुळे त्या ओरडूनच बोलत होत्या.

"ए पोरा, नवीन मॅडम लागल्या! तुमच्या मॅडमच्याच हाताखालच्या, जुन्या. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर हाय, पुढचं पुढं. आताच सह्या झाल्या, मी चहा नेला होता आत. सोमवारी सकाळच्या ड्युटीला पुरुषांच्या वॉर्डात येणार, आणि तिसऱ्या रांगेतला तो पोरगा कोण, असं आल्या आल्या विचारत होत्या."